शंभर वर्षं जगा म्हणण्याआधी वय विचारा

प्रश्न: मुलीच्या व्हिएतनामी सासरी तेतला, म्हणजे त्यांच्या नववर्षाला, जायचंय. घरात पणजी, आजी-आजोबा, काका-मामा, पोरंटोरं सगळी आहेत. सगळ्यांना म्हणता येईल अशी एक शुभेच्छा सांगा. आणि ते लाल पाकीट कोणाला द्यायचं, किती घालायचे?

उत्तर:

एकच हवी असेल तर ‘चुक मुंग नाम मय’. नववर्षाच्या शुभेच्छा. ‘मय’ म्हणताना ‘मऊ’मधला म काढा, ‘मोय’ करू नका, म्हणजे झालं. पण ही दुकानाच्या पाटीवरची शुभेच्छा आहे. पणजीसमोर जाऊन एवढंच म्हणालात तर आपल्याकडे आजीच्या पाया पडायच्या ऐवजी ‘हॅपी दिवाळी’ म्हणून सोफ्यावर बसण्यासारखं होईल. कोणी बोलणार नाही, पण लेकीला कळेल.

माझी लेक हनोईकडच्या घरात दिलीय, 2025 चा तेत आम्ही तिथे केला. त्यामुळे हे सगळं अंगावर काढलेलं आहे.

त्यांची घरातली शुभेच्छा नात्यावर उभी असते. आधी तुम्ही स्वतः त्या माणसाचे कोण ते म्हणायचं, मग ‘चुक’, मग ते तुमचे कोण, आणि मग काय लाभो ते. ‘मी’ आणि ‘तुम्ही’ असे सरळ शब्द घरात वापरतच नाहीत. इंग्रजीवाले इथे गोते खातात, आपल्याला जड जाऊ नये. वडिलांचा धाकटा भाऊ ‘चू’, धाकटी बहीण ‘को’, आईचा धाकटा भाऊ ‘कउ’, धाकटी बहीण ‘झी’. म्हणजे काका, आत्या, मामा, मावशी. फक्त आईवडिलांपेक्षा मोठे असतील तर दोन्हीकडचे सगळे ‘बाक’. म्हणून मामा दिसला की लगेच ‘कउ’ म्हणू नका, आधी लेकीला विचारा, हा विहीणबाईंपेक्षा मोठा की धाकटा.

आजी ‘बा’. हे ऐकून मला हसू आलं होतं, कारण आमच्या गावाकडे बा म्हणजे बाप. गंमत म्हणजे त्यांच्या दक्षिणेतही बा म्हणजे बापच, फक्त सूर वेगळा. आजीचा ‘बा’ वरून खाली सोडायचा, दमून खुर्चीत बसताना निघतो तसा. सपाट म्हटलात तर बाप किंवा तीन हा आकडा. आमच्या ह्यांनी विहीणबाईंच्या आईला तोंडभरून सपाट ‘बा’ म्हणून नमस्कार केला. त्या बिचाऱ्या समजून गेल्या, मागे पोरं मात्र एकमेकांना कोपरखळ्या मारत होती.

आता पणजीचं. माझं खरं दुखणं इथे आहे.

थोरांसाठीची ठरलेली शुभेच्छा म्हणजे ‘सोंग लउ चाम तुओय’. शंभर वर्षं जगा. आपलं शतायुषी व्हा, अगदी तेच. मी दोन महिने आधीपासून लेकीकडून घोटून घेतलं होतं. खूप म्हाताऱ्या माणसाला उत्तरेत आदराने ‘कू’ म्हणतात, तोडून, झटक्यात संपवून. आणि स्वतःला ‘चाउ’, म्हणजे नातवंड किंवा भाचा-पुतण्या. मी पंचावन्नची बाई, पण त्यांच्यापुढे चाउच. तर वाक्य असं: ‘चाउ चुक कू मान ख्वे, सोंग लउ चाम तुओय.’ तुमची तब्येत ठणठणीत राहो, शंभर वर्षं जगा.

पहिल्या दिवशी सकाळी आम्ही जावयाच्या आजीकडे गेलो, हनोईपासून दोनेक तासांवर गाव. जानेवारीतली तिकडची थंडी ओली असते, हाडात शिरते. म्हातारी लाकडी बाकावर पाय वर घेऊन बसलेली, डोक्याला मखमली पट्टा गुंडाळलेला, पुढे सुपारी-पानाचं तबक. मी वाकले, दोन्ही हातांनी पाकीट पुढे केलं आणि एका दमात अख्खं वाक्य म्हटलं. सूरही बरे लागले असावेत, कारण म्हातारीने सगळं समजून घेतलं. बोटं मोडून काहीतरी मोजलं आणि जावयाकडे बघून दोन शब्द बोलली. खोलीभर हसू. लेकीचा चेहरा पांढरा पडलेला. जावयाने सांगितलं, ‘आजी विचारतेय, म्हणजे आता माझं एकच वर्ष उरलं का?’

मी म्हटलं, अहो 97 च्या ना त्या? पासपोर्टाच्या हिशेबाने हो, 1927 चा जन्म. पण त्यांच्या जुन्या मोजणीत मूल जन्मालाच एका वर्षाचं धरतात आणि पुढे वाढदिवसाला नाही, तेतला एक वर्ष वाढतं, सगळ्यांचं एकदमच. त्या सकाळी म्हातारी 99 ची झाली होती. आणि मी तिला शंभरचा आशीर्वाद देऊन आले.

ती मनाला लावून घेणारी नव्हती, माझा गाल चिमटला. पण मी अजून विसरलेले नाही. तेव्हा तुमच्या पणजी नव्वदीच्या पुढे असतील तर आकडा काढूच नका. ‘सोंग वुई, सोंग ख्वे’ म्हणा, आनंदात जगा, धडधाकट जगा. साठी-सत्तरीच्या आजी-आजोबांना शंभर वर्षं खुशाल द्या.

बाकीच्यांचं पटकन सांगते. अगदी लहान पोरांना ‘हाय आन चॉंग लन’, भराभर खा नि लवकर मोठे व्हा. शाळेतल्यांना ‘हॉक झॉय’, अभ्यासात हुशार हो. धंदेवाल्या मामांना ‘तिएन वाओ न्यु नुअक’, पैसा पाण्यासारखा येवो. यावर ते पुढचं जोडतात की येताना दा नदीच्या पाण्यासारखा आणि जाताना त्यांच्या त्या गाळणीतून ठिबकणाऱ्या कॉफीसारखा. हे मामांनाच, पणजीला नको.

आता पाकीट. दक्षिणेत त्याला ‘ली सी’ म्हणतात, उत्तरेत ‘मुंग तुओय’. मुंग तुओय म्हणजे वय वाढल्याचा आनंद. वर सांगितलेली मोजणी लक्षात घेतली की कळतं, तेत हा अख्ख्या घराचा वाढदिवस आहे आणि पाकीट ही वाढदिवसाची भेट. म्हणून ते मोठ्यांनी लहानांना द्यायचं, आणि कमावत्यांनी घरातल्या म्हाताऱ्यांना, त्यांचं एक वर्ष वाढलं म्हणून. दोन हात लावून द्यायचं, दोन हातांनी घ्यायचं, आणि देणाऱ्यासमोर फोडायचं नाही. नोट कोरी करकरीत हवी.

किती? विहीणबाईंनी मला स्पष्ट सांगितलं होतं. लांबच्या पोरांना 20,000 डोंग, म्हणजे आपले तेव्हाचे 65-70 रुपये. जवळच्या भाच्या-पुतण्यांना 50,000 किंवा एक लाख. आजीला पाच लाख, म्हणजे सतराशेच्या आसपास. मला हे पटलं. आमच्या ह्यांना नाही. ‘मुलीच्या सासरी सत्तर रुपयांचं पाकीट?’ हे तेव्हापासून आजतागायत चालू आहे. अहो, तिथे प्रत्येक पाकिटाची परतफेड त्याच दिवशी होते. तुम्ही त्यांच्या पोराला पाच लाख दिलेत की त्याच्या आईने तुमच्या नातवाला तेवढेच द्यायला हवेत. तुमचं औदार्य तिच्या पगारातून जातं. शिवाय हे इथून एक रुपया चिकटवलेली आपली आहेराची पाकिटं घेऊन आले होते, 101 वाली. तिकडे नाणी कोणी वापरत नाही. एक पोर अर्धा तास तो रुपया नखाने उकरत बसलं होतं.

आणि मग तो घोळ. 20,000 ची नोट निळी असते आणि पाच लाखांचीही निळीच, छटेचा काय तो फरक. दोन्हीवर पुढे हो चि मिन्ह. रुंदी सारखीच, लांबीत दीड सेंटिमीटरचा फरक, आणि नोट एकदा दुमडली की तोही कळत नाही. नोटा प्लास्टिकच्या, घडी घातली तरी उसळून उघडतात, म्हणून आदल्या रात्री हॉटेलातल्या पिवळ्या दिव्याखाली घडी दाबून ठेवायची नि पटकन पाकिटात सरकवायची असं चाललं होतं. परिणाम असा की चार वर्षांच्या एका पुतण्याला पाच लाख गेले आणि 99 वर्षांच्या म्हातारीला वीस हजार.

समोर पाकीट फोडत नाहीत, त्यामुळे तिथे काही कळलं नाही. रात्री पुतण्याची आई घाबरून लेकीकडे आली, एवढे कसे ठेवू म्हणून. तेव्हा उलगडा झाला. मी म्हटलं, आजीला दुसरं पाकीट देऊन येऊ. विहीणबाई म्हणाल्या, अजिबात नको, शुभशकुनाचा पैसा दुरुस्त करत नाहीत. म्हातारीने त्या वीस हजारांबद्दल आजपर्यंत एक अक्षर काढलेलं नाही.

तुम्ही नोटा मागून बघा. 20,000 वर होई आनचा तो छपराचा पूल आहे, पाच लाखांवर हो चि मिन्ह यांचं लहानपणीचं घर. आणि शून्यं मोजा, उजेडात.

दोन गोष्टी राहिल्या. हे सगळं उत्तरेचं आहे. तुमचे व्याही सायगोनकडचे असतील तर तिथे आजी-आजोबांपुढेही ‘चाउ’ नाही, ‘कॉन’ म्हणायचं. उच्चारही बदलतात, तिथे ‘झी’ची ‘यी’ होते. आणि पहिल्या दिवशी सकाळी बोलावल्याशिवाय कोणाच्या उंबऱ्यात पहिलं पाऊल टाकू नका. वर्षातला पहिला पाहुणा कोण यावर त्यांचं वर्ष ठरतं असं मानतात, तो माणूस ते आधी ठरवून ठेवतात. नंतर कोणाला ताप आला तरी नाव तुमचं निघेल. घरात सुतक असलेल्यांनी तर जायचंच नसतं.

आमचे हे इथली उत्तरं वाचतात, म्हणून लिहून ठेवते. पाकिटं मी भरली, मान्य. नोटा घड्या घालून, दोन ढीग करून, ‘हा विसाचा, हा पाचाचा’ म्हणत माझ्या हातात कोणी दिल्या, ते त्यांनी खाली प्रतिक्रियेत सांगावं.