मोठा नफा झालाय? आधी ही चिठ्ठी लिही

एका सौद्यात ३१ हजार कमावलेस असं कळवलंस, अभिनंदन! आता आज नवा सौदा नको, वही काढ.

माझी गोष्ट सांगतो. शुक्रवार, ३१ मे २०२४ला निफ्टीचा एक लॉट कॉल घेऊन ठेवला होता. शनिवारी लोकसभेचे एक्झिट पोल आले, सोमवारी निफ्टी तीन टक्क्यांहून जास्त वर. भांडवल दोन लाख, नेहमीची जोखीम सौद्यामागे दोन हजार. त्या दिवशी मात्र वाटलं, आपल्याला बाजार कळतो. तेच कॉल पाच लॉट घेतले आणि रात्रभर तसेच ठेवले. मंगळवारी निकाल लागला आणि निफ्टी जवळजवळ सहा टक्के पडला. सोमवारचा नफा गेला, वर मुद्दलातलेही गेले. दिशा चुकणं चालतं, पाच लॉट ही खरी चूक होती.

तेव्हापासून मोठ्या नफ्यानंतर स्वतःलाच चिठ्ठी लिहितो:

- यातलं माझं काय, बाजाराच्या उडीचं काय? (बहुतेक वेळा उडीचंच निघतं.)
- पुढचे दहा सौदे नफ्याआधी होते तेवढ्याच लॉटचे.
- जोखीम जुन्या दोन लाखांवरच मोजायची. नफा आजच बँकेत.

नवखे इथेच फसतात: नफ्याला 'बाजाराचे पैसे' म्हणतात आणि स्टॉपलॉस सैल सोडतात. अरे, खात्यात आले की ते तुझेच पैसे!

दहा सौदे झाले की वही घेऊन ये.