बस्तीत बोलावलंय? मग प्रसादाची वाट बघू नका

प्रश्न: शेजारच्या जैन काकांनी अनंत चतुर्दशीला सकाळी बस्तीत, म्हणजे त्यांच्या मंदिरात, अभिषेकाला बोलावलंय. आम्ही मराठा, या भागात नवीन. काय घालून जावं, काय बोलावं, काय टाळावं?

प्रसाद मिळणार नाही, एवढं आधी मनाशी पक्कं करा. बाकी सगळं सोपं आहे. इतकं ठासून सांगतेय कारण आमच्या घरात याच गोष्टीवरून जुना वाद आहे आणि दर गणपतीत कुणीतरी तो उकरून काढतंच.

आम्ही निपाणीकडचे. गल्लीत आमची मराठ्यांची घरं आणि जैनांची घरं भिंतीला भिंत लावून. त्यांचं दशलक्षण पर्व ऋषिपंचमीला बसतं आणि अनंत चतुर्दशीला संपतं, त्यामुळं आमचे गणपती आणि त्यांचे उपवास एकदमच चालू असतात. त्या वर्षी शेजारच्या काकूंनी दहाही दिवस निरंकार उपवास धरला होता. नुसतं उकळून गार केलेलं पाणी, तेही दिवसाउजेडी. शेवटच्या दिवशी त्यांच्या घरचा अभिषेक होता म्हणून आम्हा सगळ्यांना बोलावणं आलं. थोरल्या ताईचे मिस्टर कोल्हापूरहून विसर्जनाला आले होते, तेही निघाले.

भावोजी देवभोळे आहेत. आंबाबाईच्या दारात वाढलेला माणूस, देवळात गेला की ओंजळ आपोआप पुढं होते. अभिषेक त्यांनी डोळे भरून बघितला. आपल्या भागातल्या बस्तीत पंचामृत अभिषेक बघण्यासारखाच असतो. पाणी, नारळपाणी, उसाचा रस, दूध, दही, हळद, चंदन असं एकामागून एक मूर्तीवरून उतरतं आणि काळा पाषाण दर वेळी वेगळा दिसतो. मग गंधोदकाची, म्हणजे अभिषेकाच्या पाण्याची, वाटी फिरत आली. भावोजींनी उजव्या हाताची ओंजळ केली, पळीभर मागून घेतलं, पिऊन टाकलं आणि ओला हात डोक्यावरून फिरवला. काकूंचा मुलगा बघतच राहिला. बस्तीचे पुजारी उपाध्ये हळूच म्हणाले, "अहो, लावायचं असतं ते, प्यायचं नसतं."

इथवर ठीक होतं. पुढं पूजा संपल्यावर भावोजी जागचे हलेनात. समोरच्या ताटातल्या खोबऱ्याकडं आणि केळ्यांकडं बोट करून म्हणाले, "पोराच्या हातावर जरा ठेवा की." उपाध्येंनी नाही म्हटलं. घरी येईपर्यंत भावोजींचं एकच चाललं होतं: "बोलावलं आणि कोरड्या हातानं पाठवलं! कसली ही चिक्कू माणसं?"

चिक्कूपणाचा काही संबंध नाही. आपण नैवेद्य दाखवतो तो देवानं खावा आणि उरलेला आपल्याला द्यावा म्हणून. जिनमूर्तीचं तसं नाही. तीर्थंकर वीतराग; ते कशावर खूश होत नाहीत, रागवत नाहीत, काही घेत नाहीत आणि काही देतही नाहीत. पूजेत जल, चंदन, अक्षता, फूल, नैवेद्य, दीप, धूप, फळ अशी आठ द्रव्यं चढवतात ती सोडून देण्यासाठी. एकदा चढवलं की ते निर्माल्य झालं, आणि सोडलेली वस्तू परत तोंडात घालणं हा त्यांच्या लेखी दोष आहे. चढवणारा यजमानही त्यातला दाणा उचलत नाही. ते उपाध्येंकडे किंवा माळ्याकडे जातं. मग पाहुण्याला कुठून देणार?

हे ध्यानात ठेवलंत की निम्मे नियम सांगावेच लागत नाहीत. न्यायचंच असेल तर मूठभर अखंड तांदूळ न्या आणि समोरच्या पाटावर ठेवून द्या. घरचा गोडाचा डबा मूर्तीपुढं ठेवायला नेऊ नका. नवस बोलू नका. गंधोदक बोटांच्या टोकांनी घ्या, कपाळाला, डोळ्यांना, डोक्याला लावा. बेंबीखालच्या अंगाला लावत नाहीत. ते खाली सांडू देऊ नका, आणि बोटं धुवायला शेजारी पाण्याचं भांडं ठेवलेलं असेल तर त्यातच धुवा.

कपडे आपले नेहमीचे, धुतलेले, अंगभर. चामड्याचा पट्टा आणि पाकीट मात्र चपलांबरोबर बाहेर. गाभाऱ्यात सोवळं नेसलेलेच जातात, तेव्हा कुणी आग्रहानं "या की पुढं" म्हटलं तरी उंबऱ्याबाहेर थांबा. मूर्तीच्या अगदी समोर न राहता एका बाजूला उभे राहा, म्हणजे मागच्यांना दर्शन होतं. आत शिरताना "जय जिनेंद्र" म्हणा. णमोकार मंत्र चालू झाला की येत नसेल तर हात जोडून गप्प राहा, ओठ हलवायचं नाटक नको. आणि पहिल्या कलशाची बोली चालू असताना डोकं खाजवायलासुद्धा हात वर करू नका. बोललेला आकडा द्यावा लागतो आणि सोवळ्याशिवाय तुम्हाला कलश काही करता येणार नाही.

चातुर्मास चालू असतो, त्यामुळं बस्तीत दिगंबर मुनी असतील हे धरून चाला. लहान मुलांना घरूनच समजावून न्या; खिदळणं आणि टक लावून बघणं दोन्ही वाईट दिसतं. फोन खिशात. महाराजांना "नमोस्तु" म्हणायचं, लांबून. बायकांनी पायांना हात लावायचा नाही. हार, फळं, नोट काही पुढं करू नका. मोरपिसांची पिच्छी, कमंडलू आणि शास्त्र यापलीकडं ते काही बाळगत नाहीत. थोर दिगंबर मुनी आचार्य शांतिसागर आपल्या निपाणीजवळच्या भोज गावचे, त्यामुळं इकडच्या जैनांना या बाबतीतला हलगर्जीपणा जरा जास्तच लागतो, आणि लागावाच. आहार बघायला बोलावलं तर केस घट्ट बांधा आणि चौक्यापासून, म्हणजे आहाराच्या सोवळ्या जागेपासून, लांब थांबा. महाराज दिवसातून एकदाच, उभ्यानं, ओंजळीत आहार घेतात. त्यात केस सापडला तर अंतराय होतो, जेवण तिथंच थांबतं आणि पुढचा घास थेट दुसऱ्या दिवशी.

हे सगळं आपल्याकडच्या दिगंबर बस्तीबद्दल. गावातल्या मारवाडी-गुजराती श्वेतांबर मंदिराची रीत वेगळी, तिथं त्यांनाच विचारा. आणि बस्तीतच बाजूला पद्मावती देवी असते, तिची ओटी आपल्या बायकाही भरतात. ती शासनदेवता, तीर्थंकर नव्हे. तिथं ओटीतलं काही परत हातावर ठेवलं तर घ्या, नाहीतर मागू नका.

राहिला कोरड्या हाताचा मुद्दा. भावोजी, तुम्ही हे वाचाल म्हणून लिहिते. घरी जेवायला वाढतात ते मूर्तीपुढं ठेवलेलं नसतं, ते पाहुण्यासाठी वेगळं केलेलं असतं. त्या दिवशी दुपारी त्याच घरी आपण पंगतीला बसलो होतो. चतुर्दशी म्हणून हिरवी भाजी नव्हती, कांदा, लसूण, बटाटा तर नव्हताच. काकू दहा दिवसांच्या उपाशी, भिंतीला टेकून बसल्या होत्या आणि तिथूनच सुनेला सांगत होत्या, "पावण्यांना अजून एक पोळी वाढ." तुम्ही पुरणावर तूप दोनदा मागून घेतलंत.