दुसऱ्या विभागाच्या मॅनेजरना अर्जाआधी मेल करताना

प्रश्न: दोन वर्षं ग्राहक सेवा विभागात आहे. डेटा विश्लेषणाच्या टीममध्ये जागा निघाली आहे. अर्ज भरण्याआधी तिथल्या मॅनेजरना मेल करून विचारू का? माझ्या मॅनेजरना अजून काहीच सांगितलेलं नाही.

उत्तर:

हो, करा. फक्त मेल लिहायला बसण्याआधी कंपनीचं अंतर्गत बदलीचं धोरण उघडून दोन गोष्टी वाचून घ्या. पहिली, सध्याच्या पदावर किमान किती काळ काढलेला असावा लागतो. बऱ्याच ठिकाणी ही अट १२ किंवा १८ महिन्यांची असते, म्हणजे तुम्ही बहुधा त्यात बसता. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आहे: पोर्टलवर अर्ज भरला की तुमच्या मॅनेजरना आपोआप सूचना जाते का, की मुलाखतीला निवड झाल्यावर जाते? तुमच्या मॅनेजरना ही गोष्ट कधी कळणार ते यावर ठरतं, आणि त्याआधी ती तुमच्या तोंडून कळलेली बरी.

माझा पहिला असा मेल चांगलाच अंगाशी आला होता. मी लांबलचक लिहिलं, बायोडेटा जोडला आणि मध्येच एक वाक्य टाकलं, "सध्याच्या टीममध्ये शिकण्यासारखं आता काही उरलेलं नाही." ज्यांना मेल गेला त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. त्यांनी तो जसाच्या तसा माझ्या मॅनेजरना पुढे पाठवला आणि वर एक ओळ लिहिली, "यांना सोडता येईल का?" मॅनेजर लोक एकमेकांना असं विचारतातच, तो त्यांच्या कामाचा भाग आहे. माझ्या सरांनी मला बोलावलं तेव्हा बदलीबद्दल ते फारसं बोललेच नाहीत. ते एकच वाक्य त्यांना लागलं होतं. बदली तर झाली नाहीच, वर पुढचे चार महिने आमचं बोलणं कामापुरतं उरलं.

आता मी स्वतः टीम सांभाळते आणि असे मेल मला येतात. त्यामुळे दोन्ही बाजूंनी सांगते: हा मेल तुमचे मॅनेजर वाचणार आहेत असं धरूनच लिहा. "कृपया ही गोष्ट आपल्यातच ठेवा" अशी विनंती करायला हरकत नाही, पण तिच्यावर विसंबून राहू नका. एकेक वाक्य सरांसमोर मोठ्यानं वाचता येईल का ते बघा, अडखळलात तर ते काढून टाका.

मेल ऑफिसच्या भाषेतच लिहा. मजकूर साधारण असा ठेवा:

"विषय: विश्लेषक पदाबद्दल थोडी माहिती हवी होती

नमस्कार मॅडम,
मी ग्राहक सेवा विभागात दोन वर्षांपासून आहे. तक्रारींचा साप्ताहिक अहवाल मी तयार करते. गेल्या वर्षी तो हातानं भरण्याऐवजी क्वेरी लिहून काढायला सुरुवात केली आणि तेव्हापासून या कामात रस वाढला. तुमच्या टीममधल्या विश्लेषक पदाची सूचना पाहिली. अर्ज करण्याआधी या पदावर रोजचं काम काय असतं आणि माझी तयारी त्याला पुरेशी आहे का, हे समजून घ्यायला आवडेल. पुढच्या आठवड्यात १५ मिनिटं देऊ शकाल का? अजून औपचारिक अर्ज केलेला नाही आणि माझ्या मॅनेजरशी या विषयावर बोलणं व्हायचं आहे, ते मी स्वतः करणार आहे."

एवढंच. बायोडेटा जोडू नका. तो जोडला की ती चौकशी राहत नाही, मागच्या दारानं केलेला अर्ज होतो, आणि नियम पाळणारे मॅनेजर "पोर्टलवरून या" म्हणून मोकळे होतात. पगार आणि श्रेणीही इथे काढू नका, बहुतेक ठिकाणी तो विषय एचआरचा असतो. मात्र अहवालाचं ते एक वाक्य जरूर ठेवा. "मला डेटाची आवड आहे" असं लिहिणारे खूप असतात. रोजच्या कामातून काहीतरी करून दाखवलेला माणूस मला तरी वेगळा आठवतो. शेवटचं वाक्य अनेकांना धोक्याचं वाटतं, पण मी मेल वाचते तेव्हा मनात पहिला प्रश्न तोच येतो: यांच्या साहेबांना माहीत आहे का? उत्तर आधीच मिळालं की मला परस्पर फोन लावावासा वाटत नाही.

एक बारीक गोष्ट. भेट ठरली की कॅलेंडरवर निमंत्रण येतं आणि अनेक ऑफिसांत टीमच्या लोकांना एकमेकांचं कॅलेंडर दिसतं. माझ्या टीममधल्या एकाच्या कॅलेंडरवर "बदलीबाबत चर्चा" असं नाव झळकलं आणि त्यानं मला सांगण्याआधीच ते मला दिसलं. निमंत्रण तुम्हीच पाठवा, नाव साधं ठेवा आणि ते खाजगी करा.

त्या १५ मिनिटांत स्वतःबद्दल कमी बोला. मला विचारलेलं आवडतं ते असं: ही जागा नवी आहे की कोणी गेल्यामुळे रिकामी झाली? पहिल्या तीन महिन्यांत त्या माणसाकडून काय हवं आहे? माझ्यात आज काय कमी पडतं? आणि हेही सरळ विचारा, "या जागेसाठी आधीच कोणाचा विचार झालेला आहे का?" कधी कधी टीममधलाच माणूस ठरलेला असतो आणि सूचना नियमापुरती काढलेली असते. समोरून स्पष्ट होकार येणार नाही, पण "अर्ज तर करून ठेवा, बघू" असं गुळमुळीत उत्तर आलं तर समजून घ्या. उलट, "तुमच्या हातात सध्या काय काय आहे, तिकडून सुटायला किती वेळ लागेल?" असं विचारलं तर ते तुमचा खरंच विचार करताहेत. तेव्हा तारीख मात्र देऊ नका. सोडण्याची तारीख दोन मॅनेजर मिळून ठरवतात आणि तुमच्या जागी माणूस मिळेपर्यंत ती पुढे जाऊ शकते. तुम्ही परस्पर "महिन्याभरात येते" म्हणालात, तर तो शब्द तुमच्या सरांच्या वतीनं दिल्यासारखा होतो.

उत्तर आलं नाही तर पाच-सहा कामाचे दिवस थांबून एकदा आठवण करा. अर्जाची शेवटची तारीख जवळ असेल तर थांबूच नका, आधी सरांशी बोला आणि अर्ज भरून टाका. मेलला उत्तर नाही म्हणजे नकार आहे असं मुळीच नाही.

भेट चांगली झाली आणि अर्ज करायचं ठरलं, तर अर्जाचं बटण दाबण्याआधी, शक्यतो त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी, तुमच्या मॅनेजरकडे जा. "मी माहिती घेतली, काम मला पटलं, अर्ज करायचा विचार आहे आणि ते तुम्हाला आधी सांगायचं होतं." सोबत तुमच्या हातातल्या कामांची यादी न्या, प्रत्येकापुढे ते कोण उचलू शकेल ते लिहून. माझ्याकडे अशी यादी घेऊन आलेल्या मुलीला मी त्याच बैठकीत हो म्हटलं होतं, कारण तिच्या जाण्यानं माझं काय अडणार याचा विचार तिनं माझ्याआधी केलेला होता.