फोटोचं नाव नीट दिलं तरी एआय मॉडेल म्हणतं की सध्याच्या सेटिंगमध्ये त्याला चित्र दिसत नाही. हे खरं की टाळाटाळ? आणि आता मी काय करू?

खरं आहे. असं स्पष्ट सांगणारं मॉडेल मिळालं हे तुमचं नशीब समजा. आमच्या घरात न सांगणाऱ्यामुळे काय झालं ते आधी ऐका.

आमच्या शेताचा जुना, हाती लिहिलेला सातबारा आहे. चुलतभावाने त्याचा फोटो काढला, फाइलला satbara_gat214.jpg असं नाव दिलं आणि लॅपटॉपवरच्या एका छोट्या मॉडेलला तेवढा पत्ता देऊन विचारलं, क्षेत्र किती? उत्तर ताबडतोब आलं: गट नंबर २१४, क्षेत्र १ हेक्टर २० आर, पीक ऊस. गट नंबर बरोबर, म्हणून दादाने बाकीचंही बरोबर धरलं आणि काकांना फोन करून सांगून टाकलं. प्रत्यक्षात कागदावर ८१ आर आहेत, म्हणजे दोन एकर. एका उत्तराने जवळजवळ एक एकर जमीन वाढवली. वाटणीची बोलणी चालू असलेल्या घरात याचा अर्थ काय होतो, ते ज्यांनी भोगलंय त्यांना कळेल. दोन महिने काका माझ्याशी बोलले नाहीत, कारण आकडा चुकीचा आहे हे सांगणारा मी होतो.

त्या मॉडेलने फोटो पाहिलाच नव्हता. २१४ त्याला फाइलच्या नावातून मिळाला, बाकीचं त्याने रचलं. पुढे मी तोच फोटो दुसरीकडे दिला. तिथे उत्तर आलं की या सेटिंगमध्ये फक्त मजकूर पोहोचतो, तुमच्याकडून फाइलचं नाव आलंय, चित्र आलेलं नाही. त्यातला मजकूर टाइप करा किंवा चित्र वाचणारं मॉडेल वापरा. माझ्या मते नकार असाच हवा: काय पोहोचलं, काय नाही आणि पुढे काय करायचं. ‘सध्याच्या सेटिंगमध्ये’ हे शब्दही उगाच नसतात. चित्र समजणारं मॉडेल असलं तरी मधलं ॲप चित्र पुढे पाठवत नसेल, तर त्याच्या हाती नावच पडतं.

आता तुमचं. मॉडेल स्वतःच्या संगणकावर ओलामा या प्रोग्रॅममधून चालवत असाल तर आधी हे बघा, gemma3:4b च्या जागी तुमच्या मॉडेलचं नाव टाकून:

```
ollama show gemma3:4b
```

Capabilities खाली vision दिसलं तरच चित्राचा विषय काढा. इथेच बहुतेक जण फसतात, कारण नाव सारखं असलं तरी gemma3:1b फक्त मजकूर वाचतं आणि 4b चित्रंही वाचतं. मग फोटो असा द्या:

```
ollama run gemma3:4b "या फोटोतला मजकूर ओळीने लिही: ./satbara.jpg"
```

चित्र खरंच आत गेलं तर Added image अशी ओळ येते. ती दिसली नाही तर पुढचं उत्तर कितीही छान असो, वाचू नका. दुसऱ्या कुठल्या ॲपमध्ये असाल तर पत्ता किंवा नाव चिकटवण्यापेक्षा फोटो जोडण्याचं बटण वापरा. शंका असेल तर कोऱ्या कागदावर मनातला आकडा लिहा, फोटो काढा, फाइलला a.jpg नाव द्या आणि आकडा विचारा. नावातून काही कळायची सोय नसल्यामुळे खरं-खोटं लगेच कळतं.

मॉडेल बदलणं शक्य नसेल तर चित्राचा मजकूर करून द्या. छापील मराठीसाठी टेसरॅक्ट हा चित्रातली अक्षरं वाचणारा प्रोग्रॅम पुरतो, मराठीची फाइल वेगळी टाकावी लागते:

```
tesseract satbara.jpg out -l mar
```

out.txt मधला मजकूर मॉडेलपुढे ठेवा. हाती लिहिलेल्या कागदावर मात्र याचा भरवसा नाही. तिथे लागणाऱ्या चार ओळी स्वतः टाइप करा, पाच मिनिटांचं काम आहे.

एक राहिलंच. चित्र दिसणारं मॉडेलही चुकतं. आमचाच फोटो अशा मॉडेलला दिला तेव्हा ८१ चे ८९ झाले, कारण तलाठ्याने १ ची शेपटी अशी वळवली होती की तो ९ वाटावा. म्हणून थेट क्षेत्र विचारू नका. आधी ओळ न ओळ उतरवून मागा, न वाचता येणारं रिकामं सोडायला सांगा आणि आकडे मूळ कागदाशी ताडा. आमच्याकडे शेवटी काकांनीच भिंग लावून तो १ वाचला. दादा अजूनही म्हणतो, पहिल्या मॉडेलने निदान उत्तर तरी दिलं. मला ते आजही मान्य नाही.