'अप्रकट विषय' म्हणजे छुपा हेतू नव्हे

प्रश्न : "बातम्यांच्या टॉपिक मॉडेलिंगमध्ये ज्याला 'लेटंट टॉपिक' म्हणतात, त्याला मराठीत 'छुपा विषय' म्हटले तर चालेल का? आणि यंत्राने काढलेला विषय अर्थपूर्ण आहे की नाही, हे कशावरून ठरवायचे?"

उत्तर : 'छुपा' मात्र कृपा करून नको. तो शब्द ऐकला की वार्ताहराने काहीतरी दडवले आहे आणि संगणकाने ते हुडकून काढले, असा समज होतो, आणि हा समज अलीकडे व्याख्यानांतूनही कानावर पडतो. टॉपिक मॉडेलिंग म्हणजे ढीगभर मजकुरात कोणते शब्द एकत्र येतात हे पाहून यंत्राने त्यातले विषय काढणे; येथे कोणीही काहीही दडवलेले नसते. बर्फ वितळताना शोषली जाणारी उष्णता तापमापीवर दिसत नाही, म्हणून शालेय पुस्तकात तिला 'अप्रकट उष्मा' म्हणतात; त्याचप्रमाणे बातमीत शब्द तेवढे दिसतात, विषय दिसत नाही, तो शब्दांच्या सहवासावरून अनुमानाने काढावा लागतो. म्हणून 'अप्रकट विषय'. 'गुप्त'चा आग्रह धरणाऱ्या परिभाषाकारांनी आधी हे अनुमान कसे होते ते पाहावे.

'विषय' हा शब्द मात्र मला फार आवडतो. 'टॉपिक'च्या मुळाशी असलेल्या ग्रीक 'टोपोस'चा अर्थ 'जागा', आणि आपल्याकडे जुन्या ताम्रपटांत 'विषय' म्हणजे राज्याचा एक प्रशासकीय विभाग. दोन्ही भाषांत चर्चेच्या बाबीचे भूमीशी नाते दिसते! फरक इतकाच, की ताम्रपटातले गाव एका वेळी एकाच विषयात मोडे, तर या पद्धतीतला शब्द एकाच वेळी अनेक विषयांत नांदतो.

ब्लाय, एन्ग आणि जॉर्डन यांनी 2003 मध्ये मांडलेल्या 'लेटंट डिरिक्ले अ‍ॅलोकेशन' या पद्धतीत विषय म्हणजे संपूर्ण शब्दसंग्रहावर वाटलेली संभाव्यता, आणि बातमी म्हणजे अशा काही विषयांचे मिश्रण. नाशिकच्या बातम्यांतला 'आवक' हा शब्द घ्या. तो लासलगावच्या कांदा लिलावाच्या बातमीत येतो आणि गंगापूर धरणाच्या बातमीतही येतो. समजा, बाजाराच्या विषयात त्याची संभाव्यता 0.02 आहे आणि धरणाच्या विषयात 0.01. एखाद्या बातमीत बाजाराचा वाटा 0.9 आणि धरणाचा 0.1 असेल, तर गुणाकार 0.018 आणि 0.001 येतात, म्हणजे तेथील 'आवक' बाजाराची असण्याचा संभव अठरापट आहे. वाटे उलटे केले, तर 0.002 आणि 0.009 येतात आणि तोच शब्द धरणाकडे जातो. यंत्राला 'आवक'चा अर्थ ठाऊक नसतो. शेजारी 'क्विंटल' आहे की 'क्यूसेक', एवढ्यावरून बातमीतले वाटे ठरत जातात आणि वाट्यांवरून शब्द. विषयाला 'कांदा बाजार' हे नाव देणारे आपण. यंत्र केवळ शब्दांची क्रमवारी देते.

ही क्रमवारी पाहून 'छान दिसते' म्हणणे ही पारख नव्हे. चँग, बॉइड-ग्रॅबर आणि सहकाऱ्यांनी 2009 मध्ये घुसखोर शब्दाची चाचणी मांडली : विषयातले वरचे पाच शब्द घ्यावेत, त्यांत या विषयात नगण्य पण दुसऱ्या विषयात ठळक असलेला एक शब्द मिसळावा आणि वाचकांना उपरा शब्द ओळखायला सांगावे. न पाहिलेल्या मजकुराविषयी उत्तम भाकीत करणारी प्रतिमाने, म्हणजे विषय काढणारी मॉडेल्स, या चाचणीत काही वेळा कमीच उतरतात, असे त्यांना आढळले. त्यामुळे केवळ भाकिताच्या गुणांकावर विसंबणाऱ्यांशी माझे जमत नाही.

'कांदा, क्विंटल, लिलाव, लासलगाव, व्यापारी' यांत 'विसर्ग' घातला, तर कोणीही तो चटकन वेगळा काढील. आता 'निफाड, द्राक्ष, बिबट्या, पिंजरा, निर्यात' यांत तोच 'विसर्ग' घालून पाहा. कोणी 'बिबट्या' म्हणेल, कोणी 'निर्यात', आणि नांदूरमध्यमेश्वर बंधारा निफाड तालुक्यातच असल्याने 'विसर्ग' काहींना मुळीच खटकणार नाही. द्राक्षाचा बिबट्याशी संबंध नाही. दोघांनाही 'निफाड'ने एका साखळीत ओवले आहे. येथे 'टोपोस' अक्षरशः जागाच उरला, विषय झालाच नाही. अशा वेळी गावे-तालुक्यांची नावे शब्दसंग्रहातून वगळून किंवा विषयांची संख्या वाढवून प्रतिमान पुन्हा चालवावे.

मराठीत या चाचणीला चकवणारी एक गोष्ट आहे. शब्द आधी मूळ रूपात आणले नाहीत, तर 'कांदा, कांद्याचे, कांद्याला, कांद्याच्या, कांद्यावर' हा विषय चाचणीत सहज उत्तीर्ण होतो, परंतु तो भावाविषयी आहे, निर्यातीविषयी आहे की साठवणुकीविषयी, हे त्यातून कळत नाही. 'यावेळी, उपस्थित, मान्यवर, सत्कार, प्रास्ताविक' हा संचही एकजिनसी दिसतो, परंतु ती समारंभाच्या बातमीची ठरीव शैली असते. म्हणून ज्या बातम्यांत त्या विषयाचा वाटा सर्वाधिक आहे, अशा दहा-पंधरा बातम्या काढून वाचाव्यात, आणि त्या सर्वांना लागू पडणारा एकच मथळा देता येत नसेल, तर त्या विषयाला नाव देऊ नये.