पाच गुणांच्या प्रश्नात तीनच का मिळतात?

इंदूर

चि. विद्यार्थिनीस,
अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र आणि सोबत पाठवलेली सहामाहीची उत्तरपत्रिका मिळाली. सामाजिक शास्त्रात ऐंशीपैकी छप्पन्नच्या आसपास अडकून पडते, पाठांतर तर चोख आहे, मग अडते कुठे, असे तू विचारले आहेस. उत्तरपत्रिका चाळली तेव्हा एक गुणाचे प्रश्न जवळपास सगळे बरोबर निघाले. गळती आहे ती पाच गुणांच्या उत्तरांत. म्हणून आज तेवढ्यापुरतेच लिहितो.

इतिहासातला प्रश्न असा होता : सविनय कायदेभंगाच्या चळवळीत सधन शेतकरी उत्साहाने का उतरले आणि 1932 मध्ये ती पुन्हा सुरू झाल्यावर त्यांच्यापैकी बरेच जण मागे का राहिले? तुझ्या उत्तराच्या पहिल्या दहा ओळी दांडीयात्रेवर आहेत. साबरमती, अठ्ठ्याहत्तर सत्याग्रही, 6 एप्रिल 1930, मूठभर मीठ, हे सगळे बिनचूक आहे, पण प्रश्नात दांडी कुठेच नाही. परीक्षकाच्या हातात गुणदान योजना असते, तिच्यात अपेक्षित मुद्दे लिहिलेले असतात आणि साधारणपणे एका मुद्द्याला एक गुण असतो. त्या दहा ओळींत त्याला एकही मुद्दा सापडत नाही. पुढे तू लिहिलेस, ‘शेतकरी सरकारवर नाराज होते म्हणून सामील झाले.’ हे खरे आहे. मात्र नाराजी कशाची, ते सांगितल्याशिवाय गुण सुटत नाही.

आता तेच उत्तर कारणांच्या ओळीने उभे करून पाहू. गुजरातचे पाटीदार आणि उत्तर प्रदेशातले जाट हे नगदी पिके घेणारे शेतकरी होते, त्यामुळे जागतिक मंदीत भाव कोसळले तेव्हा त्यांच्या हातातला रोख पैसाच आटला. रोख नाही म्हणून शेतसारा भरणे अशक्य झाले आणि सरकारने तो कमी करण्यास नकार दिला. या नकारातून संताप पेटला. त्यांनी आपापल्या समाजाला संघटित केले, काचकूच करणाऱ्यांना प्रसंगी बहिष्कारात ओढलेही. त्यांच्या लेखी स्वराज्याचा लढा म्हणजे जबर साऱ्याविरुद्धचा लढा होता. पण 1931 मध्ये सारा कमी न होताच चळवळ थांबवली गेली, त्यांची निराशा झाली आणि 1932 मध्ये पुष्कळांनी पुन्हा उतरायला नकार दिला. मोजून पाहा, पाच मुद्दे सहज भरतात. प्रत्येक वाक्य आधीच्या वाक्यातून निघालेले असल्यामुळे ते पाठ करावे लागत नाही, आणि प्रश्नाचा ‘मागे का राहिले’ हा दुसरा भागही सुटत नाही. तुझ्या उत्तरात तो भाग पूर्णच राहिला आहे. दोन भागांच्या प्रश्नात ही चूक फार होते, म्हणून लिहायला बसण्यापूर्वी ‘आणि’ या शब्दाखाली पेन्सिलीने रेघ ओढत जा.

उत्तर नेमके झाले की नाही हे घरीच तपासता येते. प्रश्न झाकून नुसते उत्तर भावाला किंवा बहिणीला वाचायला दे आणि प्रश्न काय असेल ते ओळखायला सांग. त्यांनी ‘दांडीयात्रेची माहिती लिहा’ असे म्हटले, तर उत्तर कितीही सुंदर असले तरी ते दुसऱ्याच प्रश्नाचे आहे. वेळेचेही भान हवे : तीन तासांत ऐंशी गुण म्हणजे पाच गुणांच्या उत्तराला सुमारे अकरा मिनिटे, आणि त्यातले पहिले मिनिट समासात मुद्द्यांचे चार-पाच शब्द टिपण्यात घालवले तर ते वाया जात नाही.

नकाशाबद्दल थोडेसे. सुती कापड उद्योगाच्या केंद्रांत आपले इंदूर येते आणि तू ते नर्मदेच्या दक्षिणेला टाकले आहेस! घरचेच गाव चुकलेले पाहून हसू आले. अहमदाबादच्या जवळजवळ सरळ पूर्वेला, किंचित खाली, मध्य प्रदेशाच्या पश्चिम भागात इंदूर येते; सुरत मात्र बरीच खाली, किनाऱ्याला लागून. ठिकाणे सुटी सुटी पाठ करण्यापेक्षा अशी एकमेकांच्या संदर्भाने बसवावीत, कारण परीक्षेतल्या कोऱ्या नकाशात राज्यांच्या सीमांपलीकडे फारसा आधार नसतो.

आता एक उत्तर लिहून पाठव : व्यापारी आणि उद्योजक वर्गाने सविनय कायदेभंगाला पाठिंबा का दिला आणि पुढे तो का ओसरला? विदेशी मालाच्या आयातीपासून संरक्षण आणि रुपया-पौंडाचा विनिमय दर, या दोन मागण्यांपासून सुरुवात कर. दांडीचे नाव या उत्तरात आले, तर ते का आले हे समासात लिही.

तुझे सर