'कर्जविमा' नव्हे हो! सीडीएस, विमा आणि भीती

प्रश्न: "क्रेडिट डिफॉल्ट स्वॅपला, म्हणजे सीडीएसला, मराठीत 'कर्जविमा' म्हटलं तर चालेल का? यात स्वॅप नक्की कशाचा होतो? आणि विम्यासारखीच गोष्ट असेल तर त्यामुळे बाजारात घबराट का पसरते?"

नाही, चालणार नाही. सीडीएस म्हणजे कुणी कर्ज बुडवलं तर भरपाई मिळावी म्हणून हप्ता देऊन केलेला करार. अर्थविषयक लेखांत दर दुसरा माणूस 'सीडीएस म्हणजे एक प्रकारचा विमाच' असं ठोकून देतो आणि पुढे जातो, आणि नेमकं जे सांगायला हवं ते तिथेच राहून जातं. शिवाय कर्जविमा हा शब्द आपल्याकडे आधीच कामाला लागलाय, गृहकर्ज घेताना बँक गळ्यात मारते ती पॉलिसी म्हणजे कर्जविमा, कर्जदार गेला तर उरलेलं कर्ज फिटावं म्हणून.

आता विमा हाच शब्द घ्या, कारण खरी गंमत तिथे आहे. फारसीत 'बीम' म्हणजे भीती, धास्ती. त्यावरून बीमा, आणि मराठीत आपण त्याचा विमा केला. हा शब्द आधी इराणात घडला की हिंदुस्थानात यावर वाद घालणारे घालतात, पण मुळाशी बीम आहे एवढं पुरे. आणि हा बीम आपल्याला परका नाहीच, संस्कृतातला 'भी' धातू, भय, भीती, आणि ज्याला बघून समोरच्याला कापरं भरावं तो भीम, हे सगळे त्याचेच भाऊबंद. म्हणजे विमा आणि भीम एकाच घरातले! माझं तर ठाम मत आहे की विम्याची व्याख्याच या व्युत्पत्तीतून करावी: ज्याला नुकसानीची भीती आहे त्यानेच विमा काढायचा. भीती नाही तर विमा नाही.

हे नुसतं माझं शब्दप्रेम नाही, कायदाही हेच म्हणतो. अठराव्या शतकात इंग्लंडात लोक ओळखपाळख नसलेल्या माणसांच्या आयुष्यावर पॉलिसी काढायचे, तो कधी मरतो यावर सरळ पैज. शेवटी 1774 मध्ये पार्लमेंटने कायदा केला की ज्याच्या जगण्यामरण्यात तुमचा काही आर्थिक संबंध नाही त्याचा विमा तुम्हाला काढता येणार नाही.

सीडीएसमध्ये नेमकी हीच अट नाही. करार असा असतो: मी तुम्हाला दर तिमाहीला ठराविक हप्ता देतो, एखाद्या कंपनीने रोख्यांचे पैसे द्यायचे थांबवले किंवा दिवाळं काढलं तर तुम्ही मला नुकसान भरून द्यायचं. पण ते रोखे माझ्याकडे असलेच पाहिजेत असं नाही, माझं एक पैशाचं नुकसान झालेलं नसलं तरी चालतं. 2000 साली न्यूयॉर्कच्या विमा खात्याने तसं मतच दिलं, की देणं प्रत्यक्ष नुकसानीवर अवलंबून नसेल तर हा विम्याचा करार नाही. आणि विमा नाही म्हटल्यावर विमा कंपनीवर असतात ती बंधनंही तेव्हा नव्हती, दाव्यांसाठी राखीव निधी ठेवा, तपासणीला सामोरे जा, काही नाही. म्हणून मला या 'विमाच' म्हणणाऱ्यांचा राग येतो, विमा म्हटलं की वाचकाला वाटतं मागे कुठेतरी गंगाजळी असेल. इथे ती नव्हती!

घबराट कशी पसरते ते आकड्यात बघू. समजा 1 कोटी डॉलरच्या रोख्यांवर पाच वर्षांचा करार झाला, दर 300 बेसिस पॉइंट म्हणजे वर्षाला 3 टक्के, म्हणजे 3 लाख डॉलर, तिमाहीला 75 हजार. महिन्याभराने कंपनीबद्दल कुजबुज सुरू झाली आणि नव्या करारांचा दर 600 झाला. कंपनीने अजून एकही हप्ता चुकवलेला नाही, पण स्वस्तात घेतलेल्या माझ्या कराराची किंमत आता साधारण 10-11 लाख डॉलर झाली, आणि करारात तशी अट असेल तर मी विकणाऱ्याला म्हणतो, तेवढं तारण आजच्या आज माझ्याकडे जमा करा. साध्या विम्यात घर जळेपर्यंत कंपनीला दमडी काढावी लागत नाही, इथे धूर दिसला की पैसे. आणि वाढलेला दर सगळ्यांना दिसतो, तो बघून त्या कंपनीला उधार देणारे हात आखडते घेतात, त्यामुळे ती खरोखरच अडचणीत येते, की दर आणखी वर. म्हणजे भीती मोजायचं यंत्रच भीती वाढवत बसतं.

एआयजी या अमेरिकी विमा कंपनीचं 2008 मध्ये हेच झालं. तिच्या फायनान्शियल प्रॉडक्ट्स नावाच्या शाखेने घरकर्जांवर उभारलेल्या रोख्यांवर असे करार बँकांना भरमसाट विकले होते. एआयजीची पत उत्तम, ट्रिपल ए म्हणजे सगळ्यात वरची, म्हणून सुरुवातीला तारण कुणी मागितलंच नाही. ती पत 2005 मध्येच खाली आली होती, पण घरांच्या किमती पडायला लागेपर्यंत त्याची झळ लागली नाही. मग रोख्यांचे भाव पडले आणि बँकांनी तारणाचा तगादा लावला. 15 सप्टेंबरला लेहमन ब्रदर्स या अमेरिकी गुंतवणूक बँकेने दिवाळं काढलं, त्याच संध्याकाळी पतमानांकन संस्थांनी एआयजीची पत पुन्हा उतरवली, आणि पत उतरली की जास्त तारण ही अट करारातच होती. दुसऱ्या दिवशी अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेला, फेडरल रिझर्व्हला, 8500 कोटी डॉलरचं कर्ज द्यावं लागलं. एकटे सीडीएस कारणीभूत होते असं मी म्हणणार नाही, रोखे उसने देण्याच्या धंद्यातही तिने हात पोळून घेतले होते. पण लक्षात घ्या, कंपनीच्या तोंडचं पाणी पळालं ते मुख्यतः तारणाच्या मागणीने, रोखे प्रत्यक्ष बुडण्याची वाट बघावीच लागली नाही.

लेहमनच्या रोख्यांवर झालेल्या करारांचा हिशोब आणखी बोलका आहे. कुणाकडे कुणाचं किती देणं आहे हे एका जागी कुणाला दिसत नव्हतं, त्यामुळे 40 हजार कोटी डॉलरचे करार असतील असे आकडे फिरले आणि जो तो समोरच्याकडे संशयाने बघायला लागला. 10 ऑक्टोबरला लिलाव होऊन लेहमनच्या 100 डॉलरच्या रोख्याची किंमत ठरली 8.625 डॉलर, म्हणजे 1 कोटीच्या करारावर विकणाऱ्याने द्यायचे 91,37,500. भयंकरच. पण देणी-घेणी एकमेकांत वळती केल्यावर प्रत्यक्ष हातबदल झाला तो फक्त 500 कोटींच्या आसपास! लिलावापर्यंतचे साडेतीन आठवडे सगळ्यांनी अंधारात काढले, आणि त्या अंधारानेच घबराट पोसली. 'करारांची रक्कम' आणि 'द्यायची निव्वळ रक्कम' एकच समजून मथळे देणाऱ्यांनी हे दोन आकडे शेजारी-शेजारी मांडून बघावेत.

नंतर युरोपीय संघाने रोखे जवळ नसताना सरकारी कर्जावर सीडीएस घ्यायला नोव्हेंबर 2012 पासून बंदी घातली. आपल्या रिझर्व्ह बँकेने 2011 मध्ये कंपन्यांच्या रोख्यांवर सीडीएसला परवानगी दिली तेव्हा सर्वसाधारण ग्राहकाला रोखा हातात असल्याशिवाय तो घेता येणार नाही हीच अट घातली. म्हणजे पुन्हा बीम, ज्याला भीती त्यालाच करार.

स्वॅपचं राहिलं. एकाकडून हप्ता जातो, दुसऱ्याकडून बुडण्याची जोखीम उचलली जाते, एवढीच अदलाबदल. इंग्रजीत swap चा जुना अर्थ मात्र फटका मारणे, हातावर हात मारून सौदा पक्का करायचे त्यावरून देवाणघेवाण हा अर्थ आला. मराठीत 'बुडीत-जोखमीचा सौदा' म्हणा, नाहीतर सरळ सीडीएस म्हणा. विमा तेवढा म्हणू नका.